सहाचे आठ झाले?

मार्चमधल्या सीटीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ६ मिलिमीटरची गाठ. नोव्हेंबरच्या रिपोर्टमध्ये त्याच भागात ८ मिलिमीटर. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की घरातला कुणीही वजाबाकी करून मोकळा होतो. दोन मिलिमीटर वाढली. मग ती रात्र कुणाला झोप लागत नाही.

उदाहरणापुरते हे गृहस्थ ५८ वर्षांचे समजू. पूर्वी वीसेक वर्षं सिगारेट ओढलेली, खोकला लांबला म्हणून सीटी झाला, खोकला औषधाने गेला आणि मागे ही गाठ राहिली. रिपोर्टच्या भाषेत ‘नोड्यूल’. ती भरीव आहे, म्हणजे तिच्यातून मागच्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. आत चुना साठलेला नाही, चरबी नाही. गाठीत मधोमध किंवा सगळीकडे चुना असता तर ती जुन्या, बऱ्या झालेल्या जखमेची खूण म्हणून बहुधा सोडून दिली असती. आपल्याकडे फुप्फुसात क्षयाच्या अशा जुन्या खुणा कमी नाहीत. पण इथे तसा पुरावा नाही, त्यामुळे निर्णय एकाच गोष्टीवर येऊन थांबतो: ही वाढतेय की नाही?

दोन मिलिमीटर म्हणजे किती, हे आधी पाहू. गाठ साधारण चेंडूसारखी असते आणि ती वाढते ती सगळ्या बाजूंनी. व्यास सहाचा आठ झाला तर तो एक तृतीयांशाने वाढला, पण घनफळ २.३७ पट झालं. व्यास फक्त २६ टक्क्यांनी वाढला तरी घनफळ दुप्पट होतं. म्हणूनच वाढीचा वेग ‘किती मिलिमीटर’ यापेक्षा ‘दुप्पट व्हायला किती दिवस’ असा मोजतात. सूत्र सोपं आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बसतं:

```
VDT = t × ln 2 / (3 × ln(d2 / d1))
```

`VDT` म्हणजे घनफळ दुप्पट व्हायला लागणारे दिवस, `t` म्हणजे दोन स्कॅनमधले दिवस, `d1` जुना व्यास, `d2` नवा. मार्च ते नोव्हेंबर २४५ दिवस धरले तर उत्तर येतं १९७. म्हणजे गाठ साडेसहा महिन्यांत दुप्पट झाली. सीटीने फुप्फुसाचा कर्करोग लवकर पकडता येतो का, हे पाहणाऱ्या नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीत ४०० दिवसांच्या आत दुप्पट होणारी भरीव गाठ कर्करोगासाठी संशयित धरली होती, ६०० दिवसांपेक्षा जास्त लागत असतील तर धोका कमी, आणि मधलं सगळं अधांतरी. १९७ हा आकडा सरळ संशयितांच्या रांगेत जाऊन बसतो. आता पेट-स्कॅन, सुई घालून तपासणी, कदाचित थेट शस्त्रक्रिया.

गणितात चूक नाही. ते दोन रिपोर्टच्या कागदांवर केलं, तिथे घोळ आहे. कागदावरचा ६ आणि कागदावरचा ८ हे दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या चित्रांवर, बहुधा दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेले आकडे आहेत. पद्धतीचंच बघा. छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७च्या शिफारशींनुसार लहान गाठीचा सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला आखूड व्यास, दोन्ही एकाच चित्रावर मोजून सरासरी काढायची आणि पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहायची. पण एखादा रेडिओलॉजिस्ट फक्त लांब व्यास लिहितो. ९ गुणिले ५ची लांबुळकी गाठ एका रिपोर्टमध्ये ९ होते, दुसऱ्यात ७. गाठ बिचारी तिथेच आहे.

त्यामुळे तुलना करायची ती चित्रांची. दोन्ही स्कॅन एकाच स्क्रीनवर, डावीकडे जुना, उजवीकडे नवा, एकाच माणसाने, एकाच बैठकीत. आणि मोजपट्टी हातात घेण्याआधी तीन-चार गोष्टी बघून घ्यायच्या. निम्म्या भानगडी तिथेच सुटतात.

सर्वांत आधी, ही तीच गाठ आहे का? प्रश्न खुळचट वाटतो, पण ‘उजवा वरचा भाग, ६ मिलिमीटर’ हे वर्णन एकाच फुप्फुसातल्या दोन गाठींना लागू पडू शकतं. स्लाइसच्या नंबरावर अजिबात विसंबायचं नाही. माणूस श्वास कमी-जास्त घेतो, स्कॅन थोडा वर किंवा खाली सुरू होतो, आणि जुन्या स्कॅनमधली ८७वी स्लाइस नव्यात भलतीकडेच असते. गाठीचा पत्ता तिच्या शेजाऱ्यांवरून लावायचा: कुठल्या रक्तवाहिनीला जिथे फाटा फुटतो त्याच्या मागे, फुप्फुसाच्या दोन भागांमधल्या पडद्यापासून किती लांब, बरगडीच्या किती जवळ. दोन्ही स्कॅनमध्ये तोच फाटा सापडला की गाठही सापडते. याच वेळी वरखाली दोन-चार स्लाइस सरकवून बघायचं. जे गोल टिंब पुढच्या स्लाइसमध्ये लांबत जाऊन नळी होतं, ती आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी असते.

मग स्लाइसची जाडी. आपल्या गृहस्थांचा खरा गुन्हेगार इथे दडला आहे. मार्चचा स्कॅन ५ मिलिमीटरच्या स्लाइसवर वाचला गेला, नोव्हेंबरचा १ मिलिमीटरच्या. सीटीची एक स्लाइस म्हणजे पातळ कागद नव्हे, जाडी असलेला काप आहे, आणि त्या जाडीत जे काही आहे त्याची सरासरी चित्रात उमटते. सात मिलिमीटरची गोटी आणि पाच मिलिमीटरचे काप अशी कल्पना करा. काप गोटीच्या बरोबर मधोमध पडला तरी त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला गोटी निमुळती झालेली असते आणि भोवती हवा असते. गोटीची कडा त्या हवेत मिसळून राखाडी होते. मोजणारा ती राखाडी किनार सोडतो आणि आतला ठळक भाग मोजतो. काप मधोमध न पडता गोटी दोन कापांत वाटली गेली तर आणखीच पंचाईत, कारण सर्वांत रुंद भाग कुठल्याच कापात स्वच्छ येत नाही. अशा चित्रावर सातची गाठ सहाची दिसली तर नवल नाही. १ मिलिमीटरच्या कापात तीच गाठ काठासकट दिसते. म्हणून अशा लहान गाठींसाठी स्लाइस दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको असा दंडक आहे.

स्लाइसची जाडी कळते कशी? फिल्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेली असते. सीडी असेल तर चित्राच्या माहितीत `Slice Thickness (0018,0050)` या ओळीत. त्याच यादीत `Convolution Kernel (0018,1210)` म्हणून आणखी एक ओळ असते, तीही वाचावी. चित्र तयार करताना कडा किती टोकदार करायच्या हे ती सांगते. एक स्कॅन टोकदार आणि दुसरा मऊ असेल तर कडा कुठे संपते याचं उत्तरच बदलतं.

श्वासाचाही हिशेब असतो. ‘पूर्ण श्वास घ्या, धरून ठेवा’ असं तंत्रज्ञ सांगतो, पण मार्चमध्ये खोकला होता, श्वास अर्धाच भरला गेला असू शकतो. अर्ध्या श्वासात फुप्फुस आखडतं, त्याची पार्श्वभूमी पांढुरकी होते, रक्तवाहिन्या दाटीवाटीने एकत्र येतात आणि गाठीची कडा त्यात हरवते. हे ओळखायची खूण श्वासनलिकेत आहे. तिची मागची भिंत मऊ असते. छाती नीट भरलेली असेल तर नळी गोलसर दिसते, श्वास बाहेर गेलेला असेल तर मागची भिंत आत झुकून नळी चंद्रकोरीसारखी दिसते. तळाजवळच्या गाठींना श्वासाचा फटका जास्त बसतो, वरच्या भागातल्यांना कमी. आपली गाठ वरच्या भागातली आहे, श्वासनलिका दोन्हींत गोल आहे, तेव्हा इथे श्वासावर खापर फोडता येणार नाही.

राहिली ती चित्राची उजेड-अंधाराची मांडणी, जिला सगळे ‘विंडो’ म्हणतात. लहान गाठ फुप्फुसाच्या विंडोवर मोजायची, दोन्ही वेळा त्याच. छातीच्या मधल्या अवयवांसाठीची विंडो लावली तर तीच गाठ लहान दिसते, आणि अंधुक कडांची असेल तर जवळजवळ पुसली जाते.

आता आपल्या गृहस्थांकडे परत. त्यांना मार्चमध्ये फिल्म मिळाल्या होत्या, एका फिल्मवर टपालाच्या तिकिटांसारखी वीसेक चित्रं. त्यावर पट्टी ठेवून मोजण्यात अर्थ नाही. पण जिथे स्कॅन झाला तिथे विचारल्यावर मूळ डेटामधली १.२५ मिलिमीटरची सिरीज निघाली. मशीन बहुतेक वेळा पातळ स्लाइसच घेतं, वाचायला आणि छापायला सोयीचं म्हणून त्यांच्या जाड केल्या जातात. पातळ सिरीज केंद्राच्या साठ्यात ठरावीक काळच राहते, म्हणून मागायची ती लवकर. ती सीडीवर आली, दोन्ही स्कॅन शेजारी उघडले, आणि एकाच हाताने मोजले.

मार्च: लांब ८.२, आखूड ६.६, सरासरी ७.४. नोव्हेंबर: लांब ८.४, आखूड ७.०, सरासरी ७.७.

पूर्ण आकड्यांत लिहायचं तर सात आणि आठ. फरक ०.३ मिलिमीटर, म्हणजे स्क्रीनवरच्या एका ठिपक्याच्या अर्ध्याहूनही कमी. तोच माणूस चहा पिऊन आला आणि पुन्हा मोजायला बसला तरी एवढा फरक पडेल. दोन वेगळी माणसं मोजतील तर जास्तच पडेल. म्हणूनच सरासरी व्यासात किमान २ मिलिमीटरचा फरक असल्याशिवाय फ्लाइशनरच्या शिफारशी त्याला वाढ म्हणत नाहीत. सॉफ्टवेअरने घनफळ मोजलं तर उंबरठा २५ टक्क्यांचा. आपल्या आकड्यांवरून काढलं तर घनफळातली वाढ सुमारे १३ टक्के येते. मात्र सॉफ्टवेअर वापरताना दोन्ही स्कॅनसाठी तेच वापरायचं, आणि त्याने गाठीभोवती आखलेली रेघ डोळ्यांनी तपासायची. शेजारची रक्तवाहिनी त्याने गाठीत धरली असेल तर घनफळ उगाच फुगतं, आणि एका स्कॅनमध्ये धरली, दुसऱ्यात सोडली, तर ‘वाढ’ किंवा ‘घट’ आयती तयार होते.

म्हणजे वाढ नाही. रिपोर्टमध्ये लिहितात, ‘नो सिग्निफिकंट इंटरव्हल चेंज’. घरच्यांनी पेढे आणायचे का?

थोडं थांबा. उलट बाजूने हिशेब करून बघू. ही गाठ खरोखर वाईट आहे आणि बरोबर ४०० दिवसांत दुप्पट होतेय असं धरा. मग २४५ दिवसांत तिचं घनफळ १.५३ पट होईल, आणि व्यास ७.४वरून जाईल ८.५वर. वाढ फक्त १.१ मिलिमीटर. म्हणजे दोन मिलिमीटरच्या उंबरठ्याखाली! आठ महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन स्कॅनमध्ये व्यासावरून बघितलं तर अशी गाठसुद्धा ‘बदल नाही’ या रकान्यात जाऊ शकते. ७.४ची ९.४ व्हायला तिला चौदाएक महिने लागतील. ‘स्थिर आहे’ याचा अर्थ एवढाच, की एवढ्या दिवसांत, एवढ्या बारकाईच्या मोजपट्टीने, वाढ पकडता आली नाही. त्या दोन अटी काढून टाकल्या तर त्या शब्दाला वजन राहत नाही. माझं स्पष्ट मत आहे की रिपोर्टमध्ये ‘स्थिर’ लिहिताना ‘किती महिन्यांत’ हे त्याच वाक्यात असावं. पुष्कळदा ते नसतं.

पुढचा स्कॅन कधी करायचा, याचं उत्तरही या हिशेबातच आहे. ६ ते ८ मिलिमीटरच्या एकट्या भरीव गाठीसाठी शिफारस आहे पहिला फेरस्कॅन ६ ते १२ महिन्यांनी आणि धोका जास्त असेल तर पुढचा १८ ते २४ महिन्यांनी. सिगारेट ओढलेल्यांना हा दुसरा लागू. आधी घाई केली तर मशीनला बघण्यासारखं काही घडलेलंच नसतं. दर दोन महिन्यांनी सीटी काढत बसणाऱ्यांना प्रत्येक वेळी ‘बदल नाही’ मिळतं, आणि त्या पाच कागदांतून एका कागदाइतकीही खात्री मिळत नाही. (या शिफारशी पस्तिशीच्या पुढच्यांसाठी आहेत. आधी कर्करोग झालेला असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्या लागू नाहीत.)

तुलना नेहमी मागच्याच स्कॅनशी करण्याची सवय इथे घात करते. पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ७, तिसऱ्या वर्षी ८, चौथ्या वर्षी ९. प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त, प्रत्येक वेळी उंबरठ्याच्या आत, प्रत्येक वेळी ‘बदल नाही’. तीन वर्षांत घनफळ तिपटीहून जास्त झालं आणि तिन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून उपलब्ध असलेला सर्वांत जुना स्कॅन उघडायचा. मागच्या महिन्याचा रिपोर्ट हातात घेऊन येणारे पुष्कळ असतात. चार वर्षांपूर्वी पोटाचा सीटी झाला होता, त्यात फुप्फुसाचा तळ आला होता, हे क्वचितच कुणाला आठवतं. तळाशी असलेल्या गाठीसाठी तो जुना पोटाचा सीटी सोन्यासारखा असतो.

हे सगळं भरीव गाठीचं झालं. काही गाठी धुरकट असतात, काचेवर वाफ धरावी तशा, आणि मागच्या रक्तवाहिन्या त्यातून दिसत राहतात. त्यांचा स्वभाव वेगळा. त्या वाढल्याच तर फार सावकाश वाढतात, म्हणून सहा मिलिमीटरच्या वरच्या धुरकट गाठीवर पाच वर्षं लक्ष ठेवायला सांगतात. तिथे निव्वळ व्यास बघणारा फसतो. १४ मिलिमीटरची धुरकट गाठ पुढच्या वेळी १२ झाली, पण आत ४ मिलिमीटरचा घट्ट पांढरा भाग नव्याने दिसू लागला, तर रिपोर्टमध्ये ‘लहान झाली’ लिहिणं धोक्याचं आहे. ऊती आतून आक्रसतात तेव्हा गाठ आकाराने घटते आणि दाट होते. अशा गाठीत बाहेरचा व्यास आणि आतला भरीव भाग वेगवेगळे मोजायचे, आणि दुसऱ्या आकड्यावर जास्त लक्ष ठेवायचं.

खरोखर लहान होणाऱ्या गाठी बहुतेक संसर्गाच्या असतात. न्यूमोनियाचा उरलेला डाग काही आठवड्यांत विरतो. क्षयाची गाठ औषधं चालू असताना महिनोन्महिने हळूहळू आक्रसते, पण पूर्ण जाईलच असं नाही. दोन-तीन आठवड्यांत दुप्पट झालेली गाठही बहुधा संसर्गाचीच निघते, कर्करोग सहसा इतक्या वेगाने धावत नाही. उलट क्षयाची गाठ पेट-स्कॅनमध्ये कर्करोगासारखीच झगमगू शकते, त्यामुळे ‘पेट पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांवर आपल्याकडे लगेच सुरी चालवत नाहीत.

फेरस्कॅनला जाताना काय सांगायचं, तेही लिहून ठेवतो. जमलं तर त्याच केंद्रात, त्याच मशीनवर. गाठीवर लक्ष ठेवण्यासाठीच असेल तर कमी डोसचा सीटी पुरतो आणि शिरेतून डाय देण्याची गरज नसते. काउंटरवर फिल्मबरोबर सीडी मागायची, आणि सीडीत ‘१ मिलिमीटरची थिन सिरीज टाका’ असं आधीच सांगायचं. स्कॅन संपल्यावर सांगितलं तर कधी हो, कधी ‘आता नाही जमणार’. जुनी सीडी स्कॅनच्या आधी रेडिओलॉजिस्टच्या हातात पडली पाहिजे. रिपोर्ट टाइप झाल्यावर दिलेली सीडी पाकिटात बंदच राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फिल्मचा फोटो ‘गाठ आहे’ एवढं सांगायला चालतो, मोजायला नाही.

आपल्या गृहस्थांचा तिसरा स्कॅन पुढच्या नोव्हेंबरमध्ये झाला, मार्चपासून २० महिन्यांनी. जाडी १ मिलिमीटर, श्वास पूर्ण, विंडो तीच. मार्चची सिरीज डावीकडे उघडलेली. ४०० दिवसांत दुप्पट होणारी गाठ असती तर एव्हाना तिने साडेदहा मिलिमीटर गाठले असते. मोजली तर लांब ८.३, आखूड ६.९. सरासरी ७.६. या वेळच्या रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं: मार्चच्या १.२५ मिलिमीटर सिरीजशी थेट तुलना, २० महिन्यांत मोजण्याजोगा बदल नाही.